साखर तुमची, गाडी तुमची, फाटक कारखान्याचे

सहकारी साखर कारखान्याच्या गोदामाला बहुधा दोन कुलपे असतात. एकाची किल्ली कारखान्याच्या गोडाऊन कीपरकडे आणि दुसऱ्याची बँकेच्या माणसाकडे. दारावर एक पाटी असते आणि आतला माल अमुक बँकेकडे तारण आहे, असे तिच्यावर लिहिलेले असते. सांगली-सातारा पट्ट्यात वाढलेल्या माणसाला धुराडे, मळीचा वास, रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या गाड्या हे सगळे पाठ असते. ही पाटी मात्र थांबून कुणी वाचत नाही. दिवाळीच्या तोंडावर स्वतःची गाडी पाठवून साखर उचलणारा व्यापारी आणि कारखान्याचा विक्री विभाग यांच्यात जे खटके उडतात, त्यांतले बरेचसे या पाटीपाशी येऊन थांबतात.

फोनवरचा संवाद साधारण असा होतो.

“शेठ, पैसे जमा झाल्याचं दिसतंय. पण गाडी आत्ता लावू नका.”

“का बरं? रोख पैसे भरलेत. माझीच साखर, माझीच गाडी. आता आणखी कुणाची परवानगी?”

“बँकेची रिलीज ऑर्डर यायचीय. ती आली की गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, लायसन आणि तुमचं पत्र द्या. मग गेट पास होतो.”

“अहो, तुमची माणसं कार्डावर सभासदाला फटफटीवर साखर देतात की!”

शेठच्या या शेवटच्या वाक्यात गैरसमजाचे मूळ आहे. दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दराने कार्डावर साखर मिळते, हे या भागातल्या घराघरांत माहीत आहे. रांगेत उभे राहायचे, कार्ड दाखवायचे, पोते घेऊन निघायचे. कारखाना म्हणजे आपला, तिथे कसले कागद, ही भावना त्यातून आलेली. पण सभासदाची साखर आधीच बाजूला काढून वाटप केंद्रावर आणलेली असते. व्यापाऱ्याची साखर मुख्य गोदामातल्या थप्पीत असते आणि ती थप्पी, पैसे भरले तरी, त्या क्षणी पूर्णपणे कारखान्याच्या हातात नसते.

१९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते. सातारा आणि सांगली मिळून होणाऱ्या या मुलखात, वाईजवळच्या भुईंजपासून शेंद्रे, यशवंतनगर, रेठरे बुद्रुक, साखराळे, वाळवा, वांगी करत सांगली शहरापर्यंत, साखर कारखान्यांची ओळ लागते. पुणे-बंगळूर महामार्ग मधून जातो. सांगलीच्या गणपती पेठेतला किंवा साताऱ्याच्या बाजारातला घाऊक किराणा व्यापारी या ओळीतल्या कोणत्याही कारखान्यापासून दोन-तीन तासांच्या आत असतो. त्यामुळे वाहतूकदाराला भाडे देण्यापेक्षा आपलीच गाडी लावू, हा हिशेब त्याला सहज सुचतो. सांगलीला माल टाकून रिकामी परतणारी गाडी वाटेत साखर भरून आली, तर डिझेलही वसूल होते. हिशेब बरोबरच आहे. फक्त वाहतूकदार मध्ये असला की जे कागद तो निमूट करून घेतो, ते आता खरेदीदाराने करायचे असतात आणि हे त्याला आधी कुणी सांगितलेले नसते.

एक व्यवहार आकड्यांनिशी मांडतो. दर हिशेबाच्या सोयीसाठी धरला आहे. साताऱ्याच्या एका किराणा व्यापाऱ्याने वाळवा तालुक्यातल्या कारखान्याकडून २०० क्विंटल एम-३० साखर ३८०० रुपये क्विंटलने घेतली. साखर झाली ७ लाख ६० हजारांची. त्यावर पाच टक्के जीएसटी ३८ हजार. एकूण ७ लाख ९८ हजार रुपये त्याने शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता आरटीजीएसने भरले. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते, त्यामुळे पैसे लगेच पोचले. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार होता. त्याने पहाटेच गाडी रवाना केली आणि आठ वाजता ती फाटकाबाहेर उभी राहिली. ती सोमवारी दुपारपर्यंत उभीच होती.

पैसे पोचले होते, मग अडले कुठे?

हंगामात कारखान्याला उसाचे पैसे शेतकऱ्याला वेळेत द्यावे लागतात, साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाते. मधली दरी बँक भरते. पोत्यात भरलेली साखर गोदामात गेली की ती तारण धरून बँक उचल देते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक आणि जिल्हा मध्यवर्ती बँका हे काम वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. बँक क्विंटलचे एक मूल्यांकन ठरवते आणि त्यातून काही टक्के दुरावा ठेवून बाकीची रक्कम देते. आपल्या उदाहरणात मूल्यांकन ३४०० रुपये आणि दुरावा पंधरा टक्के धरला, तर क्विंटलमागे २८९० रुपये कारखान्याने आधीच उचललेले आहेत. म्हणजे साताऱ्याच्या व्यापाऱ्याने घेतलेल्या २०० क्विंटलवर बँकेचे ५ लाख ७८ हजार रुपये अडकलेले आहेत आणि वरून व्याज. शिवाय जुन्या मुदत कर्जासाठी क्विंटलमागे ठरावीक रक्कम कापायची, ज्याला या धंद्यात टॅगिंग म्हणतात, तेही असू शकते.

तारणाचा कायदा १८७२ च्या करार कायद्यात आहे. तारण ठेवलेली वस्तू सावकाराच्या ताब्यात असते आणि कर्ज, त्यावरचे व्याज आणि ताबा सांभाळण्याचा खर्च मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा त्याला हक्क असतो. गोदाम कारखान्याच्या आवारात असले तरी ताबा बँकेचा आहे, हे दाखवण्यासाठीच ते दुसरे कुलूप आणि ती पाटी. खरेदीदाराचे पैसे थेट बँकेतल्या कारखान्याच्या तारण खात्यात घेतात ते याचसाठी. पैसे आल्याची खात्री झाली, आपली उचल वळती करून घेतली, की बँक आपल्या गोडाऊन कीपरला लिहून देते: अमुक गोदामातली, अमुक हंगामाची, अमुक प्रतीची, इतकी क्विंटल साखर सोडावी. हीच रिलीज ऑर्डर. जेवढ्या पोत्यांचे पैसे आले तेवढीच पोती सुटतात, एकही जास्त नाही. आणि ही ऑर्डर काढायला बँकेचा अधिकारी खुर्चीत असावा लागतो. पैसे शनिवारी-रविवारी फिरतात, सही फिरत नाही. शुक्रवारी सहाला भरलेल्या पैशांची ऑर्डर सोमवारी निघाली, यात कुणाची दिरंगाई नव्हती. चूक एवढीच होती की पैसे भरून घेताना हे व्यापाऱ्याला कुणी सांगितले नाही.

सगळीकडे अशीच पद्धत असते असे नाही. काही खासगी कारखान्यांची साखर नजरगहाण असते. तिथे ताबा आणि किल्ली कारखान्याकडेच राहते, बँक कागदावर हक्क ठेवते आणि ठरावीक काळाने साठ्याचे पत्रक मागते. तिथे पोत्यागणिक बँकेची ऑर्डर लागतेच असे नाही. म्हणून खरेदीदाराने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच की माल तारण आहे की मोकळा. पाच सेकंदांचा प्रश्न आहे, पण तो विचारताना मी फारसे कुणाला ऐकलेले नाही.

जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी रिलीज ऑर्डर हा शब्द आणखी एका अर्थाने येतो आणि त्यातून घोळ होतो. पूर्वी कोणत्या कारखान्याने महिन्याला किती साखर खुल्या बाजारात विकायची, याची ऑर्डर दिल्लीहून येत असे. एप्रिल २०१३ मध्ये केंद्राने ही पद्धत आणि कारखान्यांवरची लेव्ही दोन्ही काढून टाकली. मग दर कोसळले आणि २०१८ मध्ये साठ्याच्या मर्यादेच्या रूपाने मासिक कोटा परत आला. त्याच वर्षी जूनमध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरला, फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ झाला. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की कारखान्याला त्या महिन्याचा कोटा त्याच महिन्यात बाहेर काढायचा असतो आणि कोट्याबाहेर माल सोडता येत नाही. म्हणून विक्रीच्या अटींत उचलीची मुदत असते. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत फाटकावर गाड्यांची रांग लागते ती यामुळे. ज्याला स्वतःची गाडी एकदाच मिळणार आहे, त्याने शेवटचा आठवडा टाळावा.

आता गेट पास. हा साध्या पहारेकऱ्याचा चिठोरा वाटतो, पण त्याचा इतिहास वजनदार आहे. केंद्रीय अबकारी कराच्या काळात कारखान्यातून माल बाहेर काढायचा कागदच गेट पास होता, आणि शुल्क भरलेल्या मालाच्या त्या पासाला जीपी-१ म्हणत. तो नसेल तर माल चोरटा. १९९४ मध्ये त्याची जागा इन्व्हॉइसने घेतली, २०१७ मध्ये अबकारीच्या जागी जीएसटी आला. सरकारी गेट पास गेला, पण कारखान्यांनी तो आपल्यापुरता ठेवला, कारण त्यांचे एक काम दुसरा कोणताच कागद करत नव्हता. इन्व्हॉइस काय विकले ते सांगते. ई-वे बिल रस्त्यावर काय चालले आहे ते सांगते. या क्षणी, या गाडीतून, मोजून इतकी पोती फाटकाबाहेर जात आहेत, असे गोदाम, काटा आणि सुरक्षा या तिघांच्या सह्यांनी सांगणारा कागद फक्त गेट पास. म्हणून तो एका गाडीचा, एका फेरीचा आणि बहुधा एकाच दिवसाचा असतो. रिलीज ऑर्डर २०० क्विंटलची एकच असली, तरी गाड्या दोन लागल्या तर गेट पास दोन होतात.

आपल्या व्यापाऱ्याला दोनच लागले. त्याने दहा चाकी गाडी पाठवली होती. आरसी बुकावर गाडीचे मालासकट कमाल वजन २८ टन लिहिलेले. कोऱ्या काट्यावर ती ९ टन ८०० किलो भरली. २०० क्विंटल म्हणजे पन्नास किलोची ४०० पोती, निव्वळ २० टन. ती भरली असती तर गाडी तीस टनांच्या वर गेली असती. “आमच्या गाडीचं आम्ही बघतो, तुम्ही भरा,” हे वाक्य इथे हमखास येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, असा दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत ती गोष्ट वेगळीच. तेव्हा पहिल्या गाडीत ३५० पोती भरली. उरलेली पन्नास पोती, म्हणजे अडीच टन, नंतर छोट्या गाडीतून गेली. गाडीचा नंबर आणि आरसी आधी मागतात ते केवळ नोंदीसाठी नाही. किती पोती बसतील हे त्यावरून आदल्या दिवशीच कळते आणि बाकी मालाची सोय लावता येते.

भरलेल्या काट्याचा हिशेब मजेदार असतो. ३५० पोत्यांत निव्वळ साखर १७,५०० किलो. पण साखर तागाच्या पोत्यात होती आणि रिकामे पोते सहाशे ग्रॅमच्या आसपास धरले, तर बारदानाचेच २१० किलो होतात. म्हणजे काट्यावर १७,७१० च्या जवळपास फरक दिसायला हवा. प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यांत बारदानाचे वजन याच्या पाव हिश्श्याहूनही कमी भरते. पोती कसली आहेत हे माहीत नसलेला माणूस तागाच्या पोत्यांचा काटा पाहून दोन क्विंटल जास्त गेले म्हणून ओरडतो. उलट एखादे पोते खरोखरच जास्त चढले, तर फरक पन्नास किलोंनी वाढतो आणि तो काट्यावर दिसतो.

दिसतो, पण लपवताही येतो. कोऱ्या काट्याला ड्रायव्हर आणि किन्नर दोघे केबिनमध्ये बसले आणि भरलेल्या काट्याला किन्नर चहाला गेला, की साठ-पासष्ट किलो गायब होतात. म्हणजे एक पोते फुकट. शिवाय पाण्याचा ड्रम कोऱ्या काट्याला भरलेला, नंतर रिकामा. म्हणून दोन्ही वेळी केबिन रिकामी करून, गाडीतला जादा जिन्नस खाली उतरवून वजन घ्यायचे असते. पोत्यांची मोजणी आणि काटा या दोन स्वतंत्र साक्षी आहेत. गोदामात भरताना हमालांच्या पाठीवरून जाणाऱ्या प्रत्येक पोत्याची कारखान्याच्या माणसाने वेगळी आणि ड्रायव्हरने वेगळी खूण करायची. आकडे जुळले, काटा जुळला, की मग सही. खरेदीदाराने आपल्या ड्रायव्हरला एवढे शिकवून पाठवावे. एकदा फाटकाबाहेर गाडी गेली की पोते कमी असल्याची तक्रार कुणी ऐकत नाही, कारण गेट पासावर त्याच ड्रायव्हरची सही असते.

आणि इथे आपण तिसऱ्या गोष्टीवर येतो. रिलीज ऑर्डर म्हटले की खरेदीदार कुरकुरतो, गेट पास म्हटले की मान डोलावतो, पण ड्रायव्हरचा तपशील मागितला की तो चिडतो. आमच्या माणसावर संशय घेता काय? माझ्या मते तिन्हींत याच तपशिलात खरेदीदाराचा सगळ्यात जास्त फायदा आहे आणि सगळ्यात जास्त आळसही त्यातच होतो.

कारखान्याचा वाहतूकदार असेल तर माल पोचेपर्यंतची जबाबदारी त्याच्या बिल्टीवर असते. स्वतःची गाडी आली की चित्र उलटते. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे खरेदीदाराच्या वतीने माल ताब्यात घेण्याचा अधिकार असलेल्या माणसाच्या हाती माल दिला, की तो खरेदीदाराच्या हाती दिल्यासारखाच होतो. म्हणजे ड्रायव्हर माल मोजून ताब्यात घेतो त्या क्षणी साखर व्यापाऱ्याची झाली. पाऊस लागला, गाडी उलटली, माल विकून ड्रायव्हर फरार झाला, तोटा व्यापाऱ्याचा. मग तो माणूस नेमका कोण, हे लिहून ठेवण्याची गरज कारखान्यापेक्षा व्यापाऱ्यालाच जास्त नाही का?

यात एक खास धोका आहे. साखरेच्या बाजारात डीओ, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, हातोहात फिरते. टेंडरमध्ये मोठ्या व्यापाऱ्याने माल घेतलेला असतो, तो उचलण्याआधीच दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला विकतो. मध्ये दलाल असतात. डीओ नंबर पाच-सहा फोनमध्ये गेलेला असतो. अशा वेळी नंबर सांगून भलतीच गाडी आली तर? नंबर खरा, क्विंटल खरे, गाडी खोटी. नंबर प्लेट बदललेल्या गाड्यांनी माल उचलून नेण्याचा प्रकार मालवाहतुकीच्या धंद्याला नवा नाही. त्यामुळे डीओ नंबर ठाऊक असणे हा कारखान्याने पुरावा मानू नये आणि व्यापाऱ्यानेही मानायला लावू नये.

पुरावा म्हणून चालते ते अधिकारपत्र. खरेदीदाराच्या लेटरहेडवर, कारखान्याकडे ज्याच्या सहीचा नमुना आहे त्याच्या सहीने, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचे पूर्ण नाव, लायसन नंबर, मोबाइल, डीओ नंबर, उचलायचे क्विंटल आणि तारीख. हे पत्र खरेदीदाराच्या नोंदलेल्या ईमेलवरून आले पाहिजे. मग विक्री विभागाने खरेदीदाराला उलटा फोन करायचा आणि तो आपल्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर करायचा. पत्रावर छापलेल्या नंबरवर केला तर ज्याने खोटे पत्र केले तोच फोन उचलेल. फाटकावर ड्रायव्हरचे मूळ लायसन किंवा डिजिलॉकर अथवा एमपरिवहनमधले लायसन बघायचे. केंद्राने २०१८ मध्येच या दोन्हींना मूळ कागदाइतकी मान्यता दिली आहे. लायसन अवजड मालवाहू गाडीचे आहे का, मुदतीत आहे का आणि फोटोतला माणूसच स्टिअरिंगवर आहे का. शेवटचा प्रश्न अनेकदा राहून जातो. लायसन मालकाचे आणि गाडी चालवणारा पुतण्या, हे आपल्याकडे इतके सर्रास आहे की पहारेकऱ्यालाही त्यात वावगे वाटत नाही.

आधार कार्डाच्या झेरॉक्सबद्दल एक आडवी तक्रार करतो. फाटकावरच्या फडताळात ड्रायव्हरांच्या आधारच्या झेरॉक्सची रद्दी साचलेली असते. लायसनवर फोटो, नाव, पत्ता आणि गाडी चालवण्याचा अधिकार हे सगळे असताना आधारचे बारा आकडे कशाला हवेत? मागायचेच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारे झाकलेले आधार घ्यावे. ड्रायव्हरची ओळख पटवणे आणि त्याची ओळख उघड्यावर टाकणे यांत फरक आहे.

ऐनवेळी ड्रायव्हर बदलला तर काय? आपल्या व्यापाऱ्याचे तेही झाले. दोन दिवस फाटकाबाहेर खोटी झालेल्या गाडीचा ड्रायव्हर रविवारी गावी निघून गेला आणि सोमवारी दुसरा आला. पत्रात पहिल्याचे नाव. विक्री विभागाने त्याला परत पाठवले नाही. त्यांनी व्यापाऱ्याला फोन केला, नवीन नावाचे पत्र मेलवर मागवले आणि पहिले पत्र रद्द केल्याचे त्याच मेलमध्ये लिहून घेतले. हे शेवटचे फार महत्त्वाचे. जुने पत्र जिवंत राहिले तर एका डीओवर दोन माणसांना अधिकार राहतो.

आता रस्त्यावरचा कागद, ई-वे बिल. त्याला गाडीचा नंबर लागतो आणि तो गाडी काट्यावर चढल्यावरच टाकणे शहाणपणाचे. बिलाची मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस आणि ती गाडीचा नंबर टाकल्यापासून मोजली जाते. आदल्या दिवशी बिल करून ठेवले आणि गाडी अडकली, की मुदत वाया जाते. पहिल्या गाडीचे १७५ क्विंटल, करासह ६ लाख ९८ हजार २५० रुपये, त्यामुळे ई-वे बिल लागलेच. दुसऱ्या छोट्या गाडीचे २५ क्विंटल करासह ९९ हजार ७५० रुपये भरले. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिलाची सक्ती नाही, म्हणून ते सुटले. इन्व्हॉइस आणि गेट पास मात्र याही गाडीबरोबर होतेच. लहान गाडी, थोडा माल, म्हणून फाटक उघडे, असे होत नाही.

सोमवारी साडेअकराला रिलीज ऑर्डर आली, दीडला कोरा काटा झाला, हमालांची भराई आणि मोजणी आटोपून गाडी साडेचारला बाहेर पडली. म्हणजे कागद जागेवर असतील तर काम एका दुपारचे आहे. गेले ते दोन दिवस, ड्रायव्हरचा भत्ता आणि दिवाळीच्या तोंडावर गाडीचे दोन चुकलेले फेरे.

हे टाळायचे असेल तर ग्राहकाला सांगण्याची वेळ बदलली पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी हे सारे गाडी फाटकावर आल्यावर सांगितले जाते, आणि तेव्हा सांगितलेली प्रत्येक अट ही अडवणूक वाटते. तेच वाक्य दर ठरतानाच, पैसे भरण्याआधी सांगितले तर ती माहिती असते. विक्री विभागातल्या अनुभवी माणसाचा संदेश कसा असावा, तर असा:

“शेठ, २०० क्विंटल एम-३०, दर ठरल्याप्रमाणे. पैसे सोबतच्या बँक खात्यात भरून यूटीआर नंबर कळवा. माल तारण आहे, बँकेची रिलीज ऑर्डर कामकाजाच्या वेळेतच निघते, शनिवार-रविवारी नाही. ऑर्डर आली की आम्ही फोन करू, त्याआधी गाडी पाठवू नये. तुमची गाडी असेल तर गाडी नंबर, आरसी, ड्रायव्हरचे नाव, लायसन आणि मोबाइल लेटरहेडवर आदल्या दिवशी चारपर्यंत मेल करा. ड्रायव्हर बदलला तर नवे पत्र लागेल. गेट पास त्याच दिवसाचा राहील. उचलीची शेवटची तारीख अमुक.”

यात ‘कृपया सहकार्य करावे’ नाही, नियमांचा धाक नाही. प्रत्येक वाक्यात ग्राहकाने काय करायचे किंवा काय करायचे नाही, ते आहे. “ऑर्डर आली की आम्ही फोन करू” हे वाक्य तर कारखान्यालाही बांधून घेते, म्हणून ते मला सगळ्यात आवडते. फोन केला नाही आणि गाडी खोटी झाली, तर मग दोष कुणाचा हे सांगायला नको.

दिवाळीच्या सुमारास नवा हंगाम सुरू होईल, आवारात उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या दाटतील, आणि साखर भरायला येणाऱ्या गाडीला आत जागाही अवघड होईल. तेव्हा स्वतःची गाडी लावणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने पैसे भरण्याआधी माल तारण आहे का ते विचारावे, अधिकारपत्र आदल्या दिवशी पाठवावे, आणि बँकेला सुट्टी असेल त्या दिवशी ड्रायव्हरला घरीच दिवाळी करू द्यावी.